नव्या ऑफिसात बोलायला लाज वाटते? गेटपासून सुरू करा

नवीन ठिकाणी रुजू झालं की सगळ्यांशी कसं बोलावं ह्याचंच टेन्शन येतं, तर सगळे सोडा, आधी एकच माणूस धरा. गेटवरचे वॉचमन मामा बेस्ट, कारण ते रोज तिथंच असतात.

१. चार-पाच पावलांवर आलात की थोडं हळू व्हा, त्यांच्याकडं बघून मोठ्यानं "राम राम मामा" म्हणा. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं ऐकूच जात नाही.
२. दोन-तीन दिवसांनी एक सोपा प्रश्न जोडा, "चहा झाला का?" उत्तर आलं की हसून पुढं निघा, थांबून विषय शोधू नका.
३. जमलं की तसंच शेजारच्या टेबलवाल्याला, "नमस्कार सर, नांदेडची बस आज लेट होती का?"

फक्त कुणी फोनवर असेल किंवा पैसे मोजत असेल तर नुसती मान हलवा.