ओंकाराचे चार पाद कसे समजून घ्यावेत

मांडूक्य उपनिषदात अवघे बारा मंत्र आहेत. ओंकाराच्या मात्रांसाठी त्यांतले आठ ते बारा पुरतात. फक्त सातवा आधी वाचलेला हवा, कारण चौथ्या पादाचं वर्णन तिथे आहे. मंत्र पाठ असले तर उत्तम, नसले तर पुस्तक समोर ठेवा.

आधी जोड्या लावून घ्या. अकार म्हणजे जागृती, तिथला आत्मा वैश्वानर. उकार म्हणजे स्वप्न, तिथला तैजस. मकार म्हणजे गाढ झोप, तिथला प्राज्ञ. चौथा तुरीय, त्याला मात्राच नाही, म्हणून बारावा मंत्र त्याला ‘अमात्र’ म्हणतो.

मग उच्चार. अ ला तोंड उघडं, उ ला ओठ गोल, म ला ओठ मिटलेले, सगळं एकाच श्वासात. अ आणि उ मिळून ओ होतो, त्यामुळे ते तोडून म्हणायचा अट्टहास नको. किती सेकंद म्हणावं हे उपनिषद सांगत नाही, तेव्हा घड्याळ बाजूला ठेवा.

इथपर्यंत कुणीही येतो. गाडी अडते ती चौथ्या पादाशी, आणि ती अडवण्यात एका लोकप्रिय सल्ल्याचा मोठा वाटा आहे: ‘म विरल्यावर जी शांतता उरते, तीच तुरीय.’ हे चूक आहे. ती शांतता म संपल्यावर सुरू झाली आणि पुढचा ओम् म्हटला की संपणार. जिला सुरुवात आणि शेवट आहे ती एक अवस्थाच झाली. शिवाय सातवा मंत्र तुरीयाला ‘न प्रज्ञानघनम्’ म्हणतो, म्हणजे गाढ झोपेसारखी एकवटलेली, काहीच न जाणवणारी स्थितीही तो नाकारतो. अशी कोरी शांतता मकारातच मोडते. अर्धमात्रेला चौथा पाद ठरवणंही इथे बसत नाही. अर्धी असली तरी ती मात्राच, आणि मंत्राचा शब्द ‘अमात्र’ आहे.

घोळ ‘पाद’ या शब्दापाशी होतो. दुसऱ्या मंत्रात आत्म्याला चतुष्पाद म्हटलंय. त्यावर शंकराचार्यांच्या भाष्यात खुलासा आहे: हे पाद गाईच्या पायांसारखे नव्हेत, कार्षापण नाण्याच्या चतुर्थांशांसारखे आहेत. गाईचा चौथा पाय उरलेल्या तिघांहून वेगळा, शेजारी उभा असतो. नाण्यात पाव अर्ध्यात जिरतो, अर्धा पाऊणात, आणि शेवटी अख्खं नाणं हाती येतं. म्हणून चौथा पाद तिघांच्या रांगेत पुढे शोधायचा नाही. पहिला दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात विरवत जायचं.

हे प्रत्यक्षात असं करता येतं. ओम् मोठ्याने म्हणा आणि लक्ष कानावर पडणाऱ्या नादावर ठेवा. जाणीव बाहेर वळलेली आहे, हा अकार. आता ओठ न हलवता तोच ओम् मनात म्हणा. बाहेर नाद नाही, तरी ऐकू येतोय, हा उकार. मग मनातलाही थांबवा. क्षणभर ना नाद, ना त्याची आठवण, हा मकार. यासाठी खरंच झोपी जायला नको: याच उपनिषदावरच्या गौडपादांच्या कारिकेत विश्व म्हणजे वैश्वानरच, तैजस आणि प्राज्ञ हे तिघंही याच देहात, डोळ्यात, मनात आणि हृदयाकाशात सांगितलेत.

आता नेमका प्रश्न विचारा: बाहेरचा नाद, मनातला नाद आणि दोन्हींचा अभाव, हे तिन्ही ज्याला कळलं तो यांपैकी कुठल्या टप्प्यावर आला आणि कुठल्या टप्प्यावर गेला? तो पहिल्या ‘अ’ च्या वेळीही होता. चौथा पाद मोजणीत चौथा आहे, क्रमात नाही. कारिका हेच एका ओळीत सांगते: अकार विश्वाकडे नेतो, उकार तैजसाकडे, मकार प्राज्ञाकडे, ‘नामात्रे विद्यते गतिः’. अमात्राकडे जाणं नाहीच.

‘मला तुरीय दिसलं, निळा प्रकाश होता’ असं कुणी सांगितलं तर तो उकार. ‘काही कळलंच नाही, पण बरं वाटलं’ हा मकार. दोन्ही ओळखा आणि सोडा. सातव्या मंत्रातला ‘अदृष्टम्’ हा शब्द पहिल्या दाव्याला तिथल्या तिथे बाद करतो.

बसल्यावर डुलकी लागली तर थांबवलेला ओम् पुन्हा मोठ्याने सुरू करा. मन भरकटलं तर मनातल्या ओम् वर आणा. आणि शांततेत गोडी वाटू लागली तर तिथे रेंगाळू नका. गौडपाद तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट बजावतात, ‘नास्वादयेत्सुखं तत्र’, तिथलं सुख चाखत बसू नये.