गेम कन्सोल रात्री रेस्ट मोडवर ठेवताय?

रेस्ट मोडमध्ये कन्सोल बंद नसतो, झोपलेला असतो. सरासरी 10 वॅट धरा: रोज 20 तास म्हणजे महिन्याला 6 युनिट. बिलापेक्षा मला काळजी वाटते ती नागपुरातल्या मे-जूनच्या वादळांची. झोपेत अपडेट उतरत असताना लाइट गेली, तर डेटा खराब होऊ शकतो. म्हणून आभाळ भरून आलं की पूर्ण शटडाउन करा आणि प्लगही काढा, कारण शटडाउननंतरही आतल्या पॉवर सप्लायपर्यंत करंट पोहोचतच असतो. राउटरची लॅन केबलही काढा. अचानक वाढलेल्या व्होल्टेजची लाट, म्हणजेच सर्ज, तिथूनही शिरते.

एरवी सर्ज प्रोटेक्टर हवाच, पण साधा एक्स्टेंशन बोर्ड म्हणजे सर्ज प्रोटेक्टर नव्हे. सर्ज प्रोटेक्टरमधला व्हॅरिस्टर नावाचा भाग जादा व्होल्टेज मुख्यतः अर्थिंगकडे वळवतो, त्यामुळे जुन्या घरात आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. प्रत्येक झटक्यागणिक हा भाग झिजतो. ‘प्रोटेक्शन’चा दिवा विझला, तर सॉकेटमध्ये करंट असला तरी संरक्षण संपलेलं असतं, बोर्ड बदला. कमी व्होल्टेज किंवा लाइट जाणं यावर मात्र त्याचा उपयोग नाही, त्यासाठी यूपीएसच लागतो.