ताप आला, सिरप किती पाजायचं? वजनावरून पॅरासिटामॉलची मात्रा काढायची रीत

पावसाळा सरत आला की आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधाच्या खिडकीवर एकच प्रश्न येतो. "दोन वर्षांचं लेकरू हाय, एक चमचा पाजला तं चालते का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तरच नाही, कारण त्यात वजन नाही आणि बाटलीही नाही. तरी शेजारीपाजारी "वर्षाला अर्धा चमचा" असे हिशेब छातीठोक सांगतात. एकाच अंगणवाडीत दोन वर्षांची दोन लेकरं बघा. एक साडेआठ किलोचं, दुसरं तेरा किलोचं. पहिल्याला एका वेळी जास्तीत जास्त १२७.५ मिलिग्रॅम चालतं, दुसऱ्याला कमीत कमी १३० लागतं. दोघांना एकच मात्रा बसूच शकत नाही, वय सारखं असलं तरी.

पॅरासिटामॉलचा नियम एका ओळीचा आहे:

१० × वजन ≤ एका वेळची मात्रा ≤ १५ × वजन

वजन किलोत, मात्रा मिलिग्रॅममध्ये. वावराला दोन्ही बाजूंनी धुरा असावा तशा या दोन मर्यादा आहेत. खालची चुकली तर ताप नीट उतरत नाही, वरची चुकली तर भार यकृतावर जातो. म्हणून दोन्हीकडे सारखी काळजी नको, वरच्या बाजूला जास्त हवी.

वजन. आजचं घ्या. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे काटा असतो. लेकराचं स्वेटर काढा. अंदाजे वजन धरायची वेळ आलीच तर कमीच धरा.

मिलिग्रॅम काढा. समजा मुलगी ११.४ किलोची आहे. ११४ ≤ मात्रा ≤ १७१. झालं.

आता मिली. सुरुवातीला मी इथंच अडकायचो, आणि लोक चुकतात तेही इथंच. हिशेब मिलिग्रॅममध्ये निघतो, पण पाजायचं असतं मिलीत. मधला पूल म्हणजे बाटलीची ताकद. पॅरासिटामॉलची सिरपं एकसारखी नसतात. काहींवर ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, काहींवर ५ मिलीत २५०. खोकं तेच, रंग तोच, चव तीच. तान्ह्या बाळांचे थेंब याहून तिखट, बऱ्याचदा एका मिलीतच १०० मिलिग्रॅम. तेव्हा "मागच्या वेळी इतकंच पाजलं होतं" हा आधार घेऊ नका. दर नव्या बाटलीचं लेबल वाचा, बारीक अक्षर दिसत नसेल तर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.

२५० ची बाटली असेल तर एका मिलीत ५० मिलिग्रॅम. ओळीतल्या दोन्ही टोकांना ५० ने भागायचं, एकाच टोकाला नाही:

११४ ÷ ५० ≤ मिली ≤ १७१ ÷ ५०, म्हणजे २.२८ ≤ मिली ≤ ३.४२

हीच मुलगी, पण बाटली १२० ची असेल तर एका मिलीत २४ मिलिग्रॅम. मग उत्तर ४.७५ ते ७.१२ मिलीच्या मधे येतं. आता धोका दिसतो का? १२० च्या बाटलीतून ६ मिली अगदी बरोबर होते. घरात बाटली बदलली, आता २५० ची आहे, आणि सवयीनं तेच ६ मिली दिले, तर ३०० मिलिग्रॅम पोटात गेले. मर्यादा १७१ ची होती. थेंबांची बाटली घेऊन ५ मिलीचा चमचा भरला तर एका झटक्यात ५००. यात आईचा दोष नसतो. बाटली हातात देताना ताकद कोणी समजावून सांगत नाही, याचा मला राग आहे.

दुसरी अडचण पूर्णांकाची. ३.४२ मिली मोजणार कसं? शाळेत जवळच्या आकड्याकडे वळवायला शिकवलं आहे, तसं अर्ध्या मिलीपर्यंत वळवलं तर ३.५ होतात. ३.५ मिली म्हणजे १७५ मिलिग्रॅम, मर्यादेच्या बाहेर. औषधात वरची मर्यादा कायम खाली उतरवायची आणि खालची वर चढवायची. २.२८ चे २.५ आणि ३.४२ चे ३. आता अडीच ते तीन मिली हा सुरक्षित पट्टा उरला. मी ३ मिली सांगेन, म्हणजे १५० मिलिग्रॅम. मोजायला सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज किंवा बाटलीसोबतचं खुणांचं टोपण वापरा. घरचा चमचा नको. चहाचे दोन चमचे शेजारी ठेवून पाणी मोजून बघा, दोघांत सारखं मावत नाही.

दिवसाची मर्यादा. एक मात्रा बरोबर आली म्हणून काम संपत नाही. दुसरी अट सोबत पाळायची असते:

एक मात्रा × दिवसातल्या मात्रा ≤ ६० × वजन

आपल्या मुलीसाठी ६० × ११.४ म्हणजे ६८४ मिलिग्रॅम. १५० च्या चार मात्रा ६०० होतात, ठीक. पाचवी दिली की ७५०, बाहेर. मघाच्या ३.५ मिलीच्या चार मात्रा ७००, त्याही बाहेर.

दोन मात्रांत किमान चार तास हवेत, हे बहुतेकांना माहीत असतं. पण "चार तासांनी" ऐकून लोक दिवसरात्र सहा वेळा पाजतात. सहा मात्रा असतील तर प्रत्येक ६८४ ÷ ६ म्हणजे ११४ मिलिग्रॅमहून मोठी चालणार नाही, आणि खालची मर्यादाही ११४ च आहे. पट्टा आक्रसून एका आकड्यावर आला, चुकायला जागाच उरली नाही. म्हणून माझं ठाम मत: सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारच मात्रा. चोवीस तास म्हणजे सलग चोवीस. रात्री बाराला नवं खातं उघडत नाही. प्रत्येक वेळ पाटीवर नाही तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आईनं पाजून ती वेचणीला गेली आणि आजीनं परत पाजलं, असं होतंच.

सर्दीच्या मिश्र सिरपात पॅरासिटामॉल असतं का, तेही लेबलवर बघा. असेल तर तेही याच ६० मध्ये मोजायचं.

मोठ्या माणसाला आणखी एक कुंपण लागतं: एका वेळी १००० मिलिग्रॅम, दिवसाला ४०००, वजन कितीही असो. ७५ किलोच्या माणसाला १५ × ७५ म्हणजे ११२५ निघतात, तरी १००० वरच थांबायचं. उलट ३८ किलोच्या बाईला वजनाची मर्यादा ५७० ची येते, म्हणून मी ६५० ची गोळी न देता ५०० ची देतो.

तीन महिन्यांखालचं बाळ, खूप अशक्त किंवा कुपोषित लेकरू, कावीळ झालेला माणूस, यांच्यासाठी हा हिशेब घरी करू नका. त्यांची मात्रा डॉक्टरच ठरवतील.

आणि जास्त गेलंच असेल तर लेकरू खेळतंय म्हणून वाट बघू नका. पॅरासिटामॉल जास्त झाल्यावर पहिला दिवस बऱ्याचदा काहीच दिसत नाही किंवा नुसती मळमळ होते, यकृताचा त्रास नंतर उमटतो. त्यावरचं औषध पहिल्या आठ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं काम करतं. तालुक्याचं रुग्णालय लांब असेल तर १०८ ला फोन लावा आणि बाटली सोबत न्या. किती वाजता किती मिली गेलं, ते कागदावर लिहून द्या.