गाईसाठी कर्ज काढताय? आधी भाकड महिन्यांचा हिशोब मांडा, मग सही करा

आमच्याकडं दर दिवाळीनंतर दोन-चार घरात तरी चर्चा सुरू होते की बँकेतून दोन गाई काढायच्या. बँकेत गेलं की पहिला प्रश्न असतो किती लोन मिळेल, आणि दुसरा अनुदान आहे का. मला विचाराल तर पहिला प्रश्न वेगळा पाहिजे, गाय दूध देत नसेल त्या तीन महिन्यात हप्ता कुठून भरणार? कारण गाईचं कर्ज थकतं ते बहुतेक वेळा तिथंच. म्हणून हा लेख दोन संकरित गाईंचं उदाहरण घेऊन लिहितोय, म्हशीचं गणित थोडं वेगळं असतं (गाभण काळ साधारण ३१० दिवस, गाईचा २८० च्या आसपास) पण रीत तीच.

आधी कर्ज कुठलं ते समजून घ्या

जनावर विकत घ्यायला जे मिळतं ते मुदत कर्ज, साधारण पाच वर्षाचं. पेंड, कडबा, औषधपाणी या रोजच्या खर्चाला पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड असतं. लोक दोन्ही एकच समजतात आणि कार्डावरच्या पैशातून गाय आणतात, मग वर्षाच्या आत ते पैसे फिरवायचे असतात आणि गाय तर पाच वर्षात फेडणारी, तिथं अडकतात. कार्डावर २ लाखापर्यंत ७ टक्के व्याज आणि वेळेत भरलं तर ३ टक्के सवलत असते, त्यामुळं खुराकासाठी ते जरूर घ्या, पण गाय त्यातून नको.

१ जानेवारी २०२५ पासून शेती आणि जोडधंद्याच्या २ लाखापर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे (आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती). गाय मात्र बँकेकडं नजरगहाण राहते, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत बँकेला न विचारता विकता येत नाही.

गाय घेताना वेत बघा, आणि तीन धारा स्वतः बघा

लोणी, घोडेगाव, सांगोला असे बाजार असोत नाहीतर शेजारच्या गावातला गोठा, दुसऱ्या-तिसऱ्या वेताचीच गाय घ्या. पाचव्या वेताची स्वस्त मिळते पण कर्ज पाच वर्षाचं आणि गाय तीन वर्षात थकली तर उरलेले हप्ते कशातून भरणार. दूध किती ते विकणाऱ्याच्या तोंडावर ठेवू नका, संध्याकाळ-सकाळ-संध्याकाळ अशा सलग तीन धारा उभं राहून बघा. एकच धार बघितली तर आधीची धार चुकवून कास भरलेली दाखवतात, हे बाजारात सर्रास चालतं. चारही सड चालू आहेत का ते स्वतः पिळून बघायचं. नंतर डॉक्टरचा आरोग्य आणि किंमतीचा दाखला लागतोच, बँकेला पण आणि विम्याला पण.

आता हिशोब, एका गाईचा

समजा गाय ८० हजाराची, व्याज ११ टक्के, मुदत ६० महिने. हप्ता येतो साधारण १,७४० रुपये. दूध ३३ रुपये लिटर धरलं, पेंड ३४ रुपये किलो, हिरवा चारा घरचा, आणि कडबा-मिनरल मिक्श्चर-डॉक्टर मिळून दहा दिवसाला ४०० रुपये. तुमच्या भागातले भाव टाकून हेच परत मांडा. आपल्याकडं दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो म्हणून हिशोब पण दहा दिवसाचाच करू.

व्याल्यावर पहिले तीन महिने गाय रोज १६ लिटर देते. दहा दिवसाचे ५,२८० रुपये, त्यातनं पेंड ७५ किलो म्हणजे २,५५० आणि वरचे ४०० गेले की २,३३० हातात, महिन्याला जवळपास ७ हजार. पुढचे चार महिने दूध ११ लिटरवर येतं, तेव्हा महिन्याला ४ हजार उरतात. शेवटचे तीन महिने ७ लिटर, तेव्हा उरतात फक्त १,६५० च्या आसपास, म्हणजे हप्त्याएवढेसुद्धा नाहीत. आणि मग गाय आटवली की तीन महिने दूध शून्य, पण गाभण गाईला दोन किलो पेंड आणि कडबा द्यायलाच लागतो, तो खर्च महिन्याला ३,२४०.

तेरा महिन्याचं सगळं एकत्र केलं तर दहा महिन्यात ४२ हजार उरले, भाकड काळात साडेनऊ-पावणेदहा हजार गेले, हातात राहिले साडेबत्तीस हजार. त्यातनं हप्ते २२,६००. विम्याचे तीन-साडेतीन हजार. शेवटी राहतात सहा-साडेसहा हजार, आणि यात तुमची किंवा वहिनींची तेरा महिन्याची मजुरी धरलेलीच नाही. शेण आणि वासरू वेगळं.

आता यात एकच बदल करू. गाय वेळेत गाभण गेली नाही, दोन-तीन माज हुकले आणि बिनदुधाचे महिने तीनाऐवजी पाच झाले. दोन जादा महिन्याचा खुराक ६,४८० आणि दोन हप्ते ३,४८०, म्हणजे दहा हजाराला फक्त चाळीस रुपये कमी. जे सहा हजार उरणार होते ते गेले आणि वरून साडेतीन हजार खिशातले गेले. अशी गाय शेवटी दोन-तीन लिटर देत राहते, पण त्यात तिचा खुराक पण निघत नाही. व्याल्यापासून साठ दिवसानंतर रोज सकाळ-संध्याकाळ माज बघणं आणि तारीख कॅलेंडरवर लिहिणं, हे माझ्या मते हप्ता भरण्याचंच काम आहे, कारण एक माज हुकला की २१ दिवस गेले.

दोन गाई एकदम आणू नका

बँकेला सांगा की दुसऱ्या गाईचे पैसे पाच-सहा महिन्यानं सोडा. मॅनेजर साहेब कधीकधी नको म्हणतात कारण त्यांना फाईल एकदाच बंद करायची असते, तरी आग्रह धरा. एकदम आणल्या तर दोन्ही एकदम आटतात, तेव्हा दुधाचा पगार बंद आणि दोन्हीचा खुराक ६,४८० अधिक दोन्हीचा हप्ता ३,४८०, असे महिन्याला दहा हजार तीन महिने खिशातून. सहा महिन्याचं अंतर ठेवलं तर एक भाकड असताना दुसरी ११ लिटरवर असते, तिच्यातनं भाकड गाईचा खुराक भागून ८४० उरतात आणि हप्त्याला २,६४० कमी पडतात. तीन महिन्याचे झाले आठ हजार. हे आठ हजार जमवायचे असतील तर दूध चालू असलेल्या दहा महिन्यात प्रत्येक पगारातून ३०० रुपये वेगळ्या खात्यात टाका, तीस पगार होतात, नऊ हजार जमतात. पगार खात्यातच ठेवले तर ते राहत नाहीत, हे अनुभवानं सांगतो.

हप्ता दुधाच्या पगाराला बांधा

डेअरी किंवा संस्था बँकेला हमीपत्र देते की या सभासदाच्या बिलातून कपात करून पाठवू. ते असेल तर महिन्याचा हप्ता एकदम न कापता तीन पगारात तिसरा-तिसरा हिस्सा कापायला सांगा, सुरुवातीला एका गाईचे ५८० आणि दोन्ही झाल्या की ११६०. नुकसान एवढंच की कर्ज फिटेपर्यंत डेअरी बदलता येत नाही, त्यामुळं फॅट-एसएनएफ नीट लावणारी डेअरी आधीच बघा. खात्यातून थेट कपात असेल तर हप्त्याची तारीख पगार जमा व्हायच्या नंतरची मागा.

आणि एक गैरसमज. पीककर्ज थकीत धरताना हंगाम बघतात, गाईच्या कर्जाला ते नाही. इथं ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जातं, आणि त्याला एक भाकड काळ पुरेसा आहे. अडचण येणार दिसली की दुसऱ्या महिन्यातच बँकेत जाऊन हप्ते पुढं ढकलण्याचा अर्ज द्या, चौथ्या महिन्यात गेलं तर कोणी ऐकत नाही.

विमा, इथं सगळ्यात जास्त चुका होतात

विना अनुदान हप्ता साधारण किमतीच्या चार टक्के धरून चाला, कंपनी आणि वयाप्रमाणं कमी-जास्त होतो. राष्ट्रीय पशुधन अभियानातून मिळाला तर २०२४ पासून पशुपालकाचा वाटा फक्त १५ टक्के आहे, बाकी केंद्र आणि राज्य भरतात, त्यामुळं पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा. जमलं तर तीन वर्षाचा घ्या, दरवर्षी रिन्यू करायचं राहून जातं आणि बँकेनं पहिल्या वर्षी काढला म्हणजे पुढं पण काढेल असं नसतं.

रक्कम किती लावली ते पॉलिसीवर वाचा. ८० हजाराची गाय ५० हजाराला विमा केलेली मी बघितली आहे. दोन वर्ष वेळेत हप्ते भरल्यावर पण बँकेचे ५३ हजार शिल्लक असतात आणि विम्याचे पैसे आधी कर्ज खात्यात जातात, म्हणजे गाय गेली, विमा मिळाला, तरी तीन हजार देणं राहिलं. विमा सुरू झाल्यावर आजारानं मेली तर पहिले १५ दिवस धरत नाहीत, अपघात मात्र पहिल्या दिवसापासून. चोरी किंवा हरवणं बहुतेक पॉलिसीत नाही. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांची लस टोचल्याचा दाखला नसेल तर त्या रोगाचा क्लेम फेटाळतात. कायमची दुधातून गेली किंवा गाभणच राहत नाही यासाठी वेगळा जादा हप्ता भरून कव्हर मिळतं, दुधाच्या गाईला ते घ्यावं असं मला वाटतं.

आणि कानातला बिल्ला. आमची एक गाय २०१९ च्या पावसाळ्यात पोट फुगून गेली. बिल्ला महिनाभर आधीच तारेच्या कुंपणात अडकून पडला होता, आम्ही तो उचलून खिडकीत ठेवला आणि कोणाला कळवलं नाही. कंपनीचा माणूस आला, कान बघितला आणि परत गेला. क्लेम नामंजूर, आणि कर्जाचे हप्ते पुढं दीड वर्ष भरले. बिल्ला पडला की त्याच दिवशी कंपनीला आणि बँकेला लेखी किंवा मेसेजवर कळवा, डॉक्टरकडून नवीन मारून घ्या आणि नवा बारा आकडी नंबर पॉलिसीवर चढवून घ्या, चढवल्याचं पत्र हातात येईपर्यंत मागं लागा.

गाय दगावली तर त्या दिवशी काय करायचं

आजारी असतानाच डॉक्टरला बोलवा आणि प्रत्येक वेळी केस पेपर घ्या, कारण उपचार केलेच नाहीत असं म्हणून पण क्लेम अडतो. मेल्यावर २४ तासात कंपनीला आणि बँकेला कळवा, फोन केला तरी वर मेसेज टाका म्हणजे वेळ राहते. कान आणि बिल्ला दिसेल असे फोटो, पूर्ण जनावराचा फोटो, दोन्ही बाजूनं. पुरायची घाई करू नका, डॉक्टरचं शवविच्छेदन आधी, आणि कंपनीचा माणूस येणार असेल तर तो येऊन जाऊ द्या. बिल्ला कानाच्या तुकड्यासकट काढून ठेवायचा, नुसता बिल्ला चालत नाही. मग क्लेम फॉर्म, पॉलिसी, शवविच्छेदन अहवाल, केस पेपर, किंमतीचा दाखला, पंचनामा, सगळ्याची झेरॉक्स स्वतःकडं ठेवून पोच घ्या.

पैसे कर्ज खात्यात जमा झाले की बँकेत जाऊन दोन गोष्टी विचारा, शिल्लक किती राहिली, आणि याच रकमेतून दुसरी गाय घ्यायला परवानगी मिळते का. परवानगी मिळाली तर नवीन गाईला दावणीला बांधायच्या आधी बिल्ला आणि विमा करून घ्या.