अमाइडचे दुप्पट संकेत आणि न होणारे जलअपघटन: या चुका टाळा

डायमिथिलफॉर्मामाइड, म्हणजे प्रयोगशाळेतले रोजचे डीएमएफ. त्याचा प्रोटॉन एनएमआर डीएमएसओ-डी६ मध्ये काढला तर नायट्रोजनवरच्या दोन मिथिल गटांसाठी एक नव्हे, दोन संकेत येतात: एक २.७३ ला, दुसरा २.८९ पीपीएमला. कागदावर रचना काढली की दोन्ही मिथिल सारखेच दिसतात आणि कार्बन-नायट्रोजन बंध एकेरी दिसतो. एकेरी बंधाभोवती गट गरगर फिरत असतील, तर यंत्राला त्यांची सरासरी दिसायला हवी. ती दिसत नाही, कारण हा बंध पूर्णपणे एकेरी नाही. अमाइडच्या कामात होणाऱ्या बऱ्याच चुका हे न ओळखल्यामुळे होतात.

पहिली चूक: दुहेरी संकेतांना अशुद्धी समजणे

समजा, बेंझिलमिथिलअमाइन आणि अ‍ॅसिटाइल क्लोराइडपासून एन-बेंझिल-एन-मिथिल अ‍ॅसिटामाइड बनवले. टीएलसीवर एकच ठिपका आहे. पण एनएमआरमध्ये बेंझिलच्या सीएच२ चे दोन संकेत साधारण ४.५ आणि ४.६ पीपीएमच्या आसपास दिसतात, नायट्रोजनवरच्या मिथिलचेही दोन. अनेक जण इथे 'दोन पदार्थांचे मिश्रण' असे लिहून पुन्हा कॉलम लावतात. कॉलममधून तेच दोन संकेत त्याच प्रमाणात बाहेर येतात, मग तिसरा कॉलम लागतो आणि माल मात्र कमी होत जातो.

नायट्रोजनवरची एकाकी इलेक्ट्रॉन जोडी कार्बोनिलच्या पाय बंधात मिसळते, यालाच संस्पंदन म्हणतात. त्यामुळे कार्बन-नायट्रोजन बंधाला अंशतः दुहेरीपणा येतो: साध्या अमाइनमध्ये त्याची लांबी सुमारे १.४७ अँगस्ट्रॉम असते, अमाइडमध्ये ती १.३३ च्या आसपास उतरते. बेंझिल गट ऑक्सिजनच्या बाजूला असलेला एक रोटामर आणि विरुद्ध बाजूला असलेला दुसरा, असे दोन्ही एकाच बाटलीत असतात. ते एकमेकांत बदलत राहतात, पण एनएमआरच्या मोजमापाच्या मानाने फार सावकाश. कॉलममधून उतरायला लागणाऱ्या वेळेत मात्र ते कितीतरी वेळा अदलाबदल करतात, म्हणून वेगळे होत नाहीत.

डीएमएफचे गणित करून पाहू. फिरण्याचा अडथळा मोलमागे सुमारे ८८ किलोजूल आहे. आयरिंगच्या सूत्रात २५ अंश सेल्सियस घातले तर वेग सेकंदाला साधारण ०.००२४ निघतो, म्हणजे एक रेणू सरासरी सात मिनिटांत एकदा वळतो. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर दोन मिथिल संकेतांतले अंतर सुमारे ६४ हर्ट्झ असते. ते एकत्र मिसळायला वेग सेकंदाला ६४ गुणिले २.२२, म्हणजे १४२ च्या आसपास लागतो. हा वेग गाठायला नमुना जवळपास १५० अंशांपर्यंत तापवावा लागेल. ६० मेगाहर्ट्झच्या जुन्या यंत्रावर तेच अंतर १० हर्ट्झहून कमी असल्याने साधारण १२० अंश पुरतात. म्हणून संकेत एकत्र येण्याचे तापमान नोंदवताना यंत्राची वारंवारता लिहिलीच पाहिजे. नुसता तापमानाचा आकडा अर्धीच माहिती देतो.

खात्री करायची असेल तर नमुना डीएमएसओ-डी६ मध्ये घेऊन तापमान टप्प्याटप्प्याने वाढवा. वरच्या बेंझिलमिथिल अमाइडमध्ये अडथळा डीएमएफपेक्षा कमी असतो, त्यामुळे १०० अंशांच्या आतच संकेत रुंदावतात आणि एकत्र येतात. थंड केल्यावर जसेच्या तसे परततात. अशुद्धीचे संकेत असे वागणार नाहीत. तापवायची सोय नसेल तर द्रावक बदला. रोटामरचे प्रमाण द्रावकानुसार हलते आणि सर्व जोड्यांमध्ये सारखेच हलते. एकाच जोडीचे प्रमाण वेगळे निघाले, तर तिथे खरोखर दुसरा पदार्थ असण्याची शंका घ्या.

दुसरी चूक: एस्टरची कृती अमाइडला लावणे

मिथिल एस्टरला पाणी-मिथेनॉलमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड घालून खोलीच्या तापमानाला काही तास ढवळले की जलअपघटनाचे काम होते. तीच कृती साध्या अमाइडवर केली तर दुसऱ्या दिवशीही अमाइड तसेच बसलेले असते. इथे परिस्थितीच बदलावी लागते: ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात रिफ्लक्स, किंवा तीव्र अल्कलीत दीर्घ रिफ्लक्स. प्रथिनांचे अमिनो आम्लांत विघटन करण्याची रूढ कृती ६ मोलर आम्ल, ११० अंश आणि २४ तास अशीच आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, संस्पंदनामुळे कार्बोनिल कार्बनची इलेक्ट्रॉनची भूक कमी होते, आणि हायड्रॉक्साइडने हल्ला केला की ते स्थैर्य गमवावे लागते. दुसरी जागा बहुतेक जण विसरतात. चतुष्फलकीय मध्यस्थ तयार झाल्यावर कोणीतरी बाहेर पडायला हवे. अल्कॉक्साइड बाहेर पडू शकतो, पण अमाइनचा ऋणायन त्याहून कितीतरी तीव्र अल्कली आहे, त्यामुळे आत आलेले हायड्रॉक्साइडच बहुधा परत जाते. बेंझामाइडवर ऑक्सिजन-१८ वापरून केलेल्या प्रयोगांत हे दिसले आहे: अल्कलीत कार्बोनिलचा ऑक्सिजन पाण्याशी बदलला जातो, पण रेणू तुटत नाही. म्हणजे हल्ला होतो, तो वाया जातो. तीव्र अल्कलीचा उपयोग इथेच होतो. दुसरे हायड्रॉक्साइड मध्यस्थाचा प्रोटॉन काढून घेते आणि मग नायट्रोजन सुटणे सोपे होते.

आम्लाचे प्रमाण मोजतानाही चूक होते. सुटलेले अमाइन एक प्रोटॉन पकडून अमोनियम क्षार बनते, म्हणून आम्ल उत्प्रेरकाच्या चिमूटभर मात्रेत पुरत नाही. निदान एक समतुल्य खर्ची पडतेच. चांगली गोष्ट ही की क्षार झालेले अमाइन परत हल्ला करू शकत नाही, त्यामुळे अभिक्रिया पुढेच जाते.

तिसरी चूक: प्रोटॉन नायट्रोजनवर काढणे

अमाइन अल्कली आहे म्हणून अमाइडचा नायट्रोजनही तसाच असेल, असे गृहीत धरून यंत्रणा लिहिली जाते. त्याची एकाकी जोडी कार्बोनिलकडे गुंतलेली आहे. प्रोटॉन ऑक्सिजनवर बसला तर संस्पंदन टिकते, नायट्रोजनवर बसला तर मोडते. म्हणून ऑक्सिजनच पसंत होतो, आणि तोही तीव्र आम्लातच. त्या आम्लात जलअपघटन होते, कारण प्रोटॉन मिळालेला कार्बोनिल पाण्याला अधिक सहज स्वीकारतो. नायट्रोजनला प्रोटॉन मिळतो तो पुढच्या टप्प्यावर, पाणी जोडले गेल्यावर. तेव्हा संस्पंदन संपलेले असते आणि नायट्रोजन पुन्हा अमाइनसारखा वागतो.

रेणूच वाकवून संस्पंदन काढून टाकले तर काय होते, हेही पाहिले गेले आहे. २-क्विन्युक्लिडोनमध्ये पुलाच्या बांधणीमुळे नायट्रोजनची जोडी कार्बोनिलच्या पाय बंधाला समांतर येऊच शकत नाही. तानी आणि स्टॉल्ट्झ यांनी २००६ मध्ये त्याचा टेट्राफ्लुओरोबोरेट क्षार बनवला. त्यात प्रोटॉन नायट्रोजनवर आहे आणि पाण्यात त्याचे अर्धायुष्य १५ सेकंदांपेक्षाही कमी आहे.

चौथी चूक: फिरण्याच्या अडथळ्यावरून जलअपघटनाचा अंदाज बांधणे

संस्पंदन दोन्हींचे कारण आहे, म्हणून दोन्ही आकडे हातात हात घालून चालतील असे वाटते. डीएमएफ आणि डायमिथिल अ‍ॅसिटामाइड शेजारी ठेवा. फिरण्याचा अडथळा डीएमएफमध्ये जास्त आहे, तरीही जलअपघटन त्याचेच लवकर होते. अ‍ॅसिटामाइडमध्ये मिथिल गट नायट्रोजनवरच्या गटाला रेटतो, त्यामुळे मूळ सपाट रचनाच थोडी महाग पडते आणि फिरणे सोपे होते. पाण्याला मात्र तोच मिथिल वाट अडवतो, तर डीएमएफच्या हायड्रोजनशेजारी मोकळी जागा असते. म्हणून आम्ल किंवा अल्कलीच्या संपर्कात राहिलेले डीएमएफ हळूहळू डायमिथिलअमाइन सोडू लागते. बाटलीला माशासारखा वास येऊ लागला, तर ते कोरड्या अभिक्रियेत वापरू नका. डायमिथिलअमाइन अ‍ॅसिड क्लोराइडसारख्या अभिकर्मकाला आधी पकडेल आणि तुमच्या उत्पादनाऐवजी डायमिथिल अमाइड हाती येईल.