शेलापागोट्यात तुमच्या नावाची चिठ्ठी निघाली तर या चुका टाळा

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी गेली सोळा वर्षं शेलापागोटे वाचतोय, म्हणजे आताची पोरं ज्याला फिशपॉन्ड म्हणतात ते. नोटिसबोर्डाशेजारी खोका ठेवायचा, आठवडाभर पोरांनी त्यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, दोन-चार ओळींचा टोमणा यमक जुळवून, आणि गॅदरिंगच्या दिवशी आम्ही त्या माईकवर वाचायच्या, ज्याच्या नावाची निघेल त्याने स्टेजवर येऊन सोबतची खेळण्यातली वस्तू घेऊन जायची. सहा-सातशे पोरं समोर बसलेली असतात. स्टेजच्या पायऱ्या चढून परत उतरायला फार तर अर्धा-पाऊण मिनिट लागतो, पण त्या तेवढ्याशा वेळात माणसं ज्या चुका करतात त्या वर्षानुवर्षं त्याच आहेत, आणि दरवर्षी कोणीतरी गॅदरिंगनंतर दोन दिवस कॉलेजलाच येत नाही. ते बघून बघून आता लिहायलाच बसलोय.

सगळ्यात मोठी चूक, खुलासा करणे. एकदा एका पोराच्या नावाची चिठ्ठी निघाली, रोज उशिरा यायचा तो. चिठ्ठी अशी होती:

"कोंबडा उठला, सूर्य उठला, उठलं सगळं गाव,
हजेरी संपल्यावर येऊन कोण सांगतं आपलं नाव?"

निरुपद्रवी चिठ्ठी होती, सोबत प्लास्टिकचं घड्याळ. हशा झाला, पोरगा वर आला, घड्याळ घेतलं आणि माझ्याकडे माईक मागितला. मला वाटलं काहीतरी बोलेल मजेशीर, दिला. तो सुरू झाला, की मी लांबून येतो, आमच्याकडून सकाळी साडेसहाची एकच एसटी आहे, ती कधी कधी येतच नाही, मग जीपने यावं लागतं, सरांना मी हे आधी सांगितलेलं आहे. सगळं खरं होतं हो, अगदी शब्द न् शब्द खरा, पण दोन मिनिटं तो बोलत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर हॉल आधी गप्प झाला, मग कुजबुज, मग मागच्या रांगेतून कोणीतरी कंडक्टरची घंटी मारल्यासारखं "टिंग टिंग" केलं आणि जो हशा झाला तो चिठ्ठीच्या हशाच्या तिप्पट होता. पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत त्याचं नाव "साडेसहाची" होतं. चिठ्ठी कोणाच्या लक्षातही राहिली नव्हती, खुलासा राहिला.

असं का होतं ते समजून घ्या. चिठ्ठीवर हसणाऱ्या माणसाने तुमच्याबद्दल काही निकाल दिलेला नसतो, तो यमकाला हसलेला असतो. तुम्ही खुलासा सुरू केला की तुम्ही त्याला सांगताय की हा आरोप आहे आणि माझी बाजू ऐका, मग तो न्यायाधीश होऊन बसतो, आणि गर्दीतला न्यायाधीश फार कंटाळलेला असतो. खरी अडचण असेल तर ती दुसऱ्या दिवशी सरांना केबिनमध्ये सांगा, मित्राला चहाच्या टपरीवर सांगा. माईकवर नाही.

आता याच्या उलट बघा. दोन वर्षांनी एका मुलीची चिठ्ठी निघाली, तिचा आवाज खणखणीत, चार वर्ग पलीकडे ऐकू जायचा.

"हिच्या फोनला नको रिचार्ज, नको टॉवर, नको तार,
खिडकी उघडून 'हॅलो' म्हणते, ऐकू जातं नदीपार."

पोरांनी बाकं बडवली. ती उठली, चालत आली, धावत नाही, घाईत नाही, खेळण्यातला फोन घेतला आणि उभी राहिली. मी माईक पुढे केला. तिने लगेच तोंड उघडलं नाही, हशा ओसरेपर्यंत थांबली, चार-पाच सेकंद असतील. मग माझा माईकवाला हात हळूच बाजूला सारला आणि माईकशिवाय म्हणाली, "सर, तो राहू दे, मला लागत नाही." शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. हॉल कोसळला नुसता, आणि तो थांबायच्या आत ती पायऱ्या उतरून जागेवर गेली होती.

तिने काय काय केलं बघा. हशावर बोलली नाही, त्यामुळे वाक्य ऐकू गेलं. चिठ्ठी ज्या दिशेने चालली होती त्याच दिशेने एक पाऊल पुढे गेली, उलटी फिरली नाही. एकच वाक्य बोलली, दुसरं जोडलं नाही. आणि निघाली. तमाशातल्या सवाल-जवाबात ढोलकीचा तुकडा संपल्याशिवाय जवाब येत नाही, तसंच आहे हे. मी पोरांना एवढंच सांगतो की हशा चढत असताना गप्प, उतरायला लागला की बोला, आणि पूर्ण शांतता व्हायच्या आत बोला. नवीन पोरांना नेमकं हेच जमत नाही, त्यांना उत्तर सुचलं की पोटात राहत नाही, हशातच बोलून टाकतात, कोणाला ऐकू जात नाही, मग तेच वाक्य परत म्हणतात. परत म्हटलेला विनोद शिळा.

आणि सुचलंच नाही तर? तर काही बोलायचं नाही. हे लोकांना पटत नाही पण मी शेकडो वेळा बघितलंय, वस्तू घ्या, गर्दीला एक नमस्कार करा, खाली या. तेवढ्यात काम होतं. रीलमध्ये "रोस्टला भन्नाट रिप्लाय" असले व्हिडिओ बघून पाठ करून येणारे असतात, त्यांचं हमखास फसतं, कारण पाठ केलेलं उत्तर त्या चिठ्ठीला बसतच नाही, उंचीवर टोमणा आलाय आणि हा बुद्धीवर उत्तर देतोय. त्या शॉर्टकटच्या नादी लागू नका.

बारीकसारीक चुका पटापट सांगतो. खोटं मोठ्याने हसू नका, डोळे हसत नाहीत ते पहिल्या रांगेला दिसतं, साधं स्मित पुरतं. मोबाइल काढून बघत बसू नका. चेहरा लाल होतो तो थांबवता येत नाही, तो हाताने झाकू नका, झाकला की सगळे बघतात. हात थरथरत असतील तर मिळालेली वस्तू दोन्ही हातांनी धरा. आणि त्याच रात्री स्टेटसला "काही लोकांना फक्त जळता येतं" असलं काही टाकू नका, कृपा करून.

दुसरी मोठी चूक म्हणजे चिठ्ठी कोणी लिहिली ते शोधत बसणे आणि मग त्याच्या जखमेवर वार करणे. एका वर्षी एका पोराने चिठ्ठी माझ्या हातातून ओढून अक्षर ओळखलं, आणि तिथेच स्टेजवरून त्या मित्राचं नाव घेऊन म्हणाला, "आधी तुझ्या बापाचं कर्ज फेड." सहाशे लोकांचा हॉल इतका गप्प झाला की पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. चिठ्ठी होती त्याच्या शर्टाच्या भडक रंगावर. शर्ट माणूस सकाळी स्वतः निवडून घालतो, बापाचं कर्ज कोणी निवडत नाही. माझी फूटपट्टी ही एवढीच आहे, उलट बोलायचंच असेल तर समोरच्याने स्वतः निवडलेल्या गोष्टीवर बोला, त्याची बाइक, त्याची टीम, त्याचं यमक. "यमक मात्र ओढून आणलंय" एवढं म्हणलं तरी हशा मिळतो. ते दोघं एकाच खोलीवर राहायचे, पुढच्या महिन्यात एकाने खोली बदलली.

हात उचलणं तर लांबच. मार्च २०२२ च्या ऑस्करमध्ये विल स्मिथच्या बायकोच्या केस कापलेल्या डोक्यावर ख्रिस रॉक विनोद बोलला, ती केस गळण्याच्या आजारातून जात होती, म्हणजे विनोद चुकीच्या जागीच लागला होता. पण स्मिथने स्टेजवर जाऊन थोबाडीत मारली, आणि बोलणं सगळं थोबाडीवर गेलं. त्याच रात्री त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, आणि पुढे अकॅडमीने त्याला दहा वर्षं समारंभांना यायला बंदी घातली. रॉक मात्र तिथेच उभा राहिला आणि ज्यासाठी आला होता ते माहितीपटाचं बक्षीस देऊन गेला.

मग चुकीच्या जागी लागणारं आलं तर काय, हसून घ्यायचं? अजिबात नाही. जात, रंग, शरीरातलं व्यंग, घरची गरिबी, कोणाचा मृत्यू, यावर आलं तर खिलाडूपणाच्या नावाखाली हसायची तुमच्यावर सक्ती नाही, आणि हसलात तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणावर तेच येणार. माझ्याच हातून झालंय हे. आम्ही दोन दिवस आधी सगळ्या चिठ्ठ्या वाचून असल्या फाडून टाकतो, पण त्या वर्षी कार्यक्रम सुरू असताना कोणीतरी चार चिठ्ठ्या हातात आणून दिल्या आणि मी न बघता वाचत गेलो. एक होती एका मुलीच्या रंगावर, लोडशेडिंगची उपमा देऊन. अर्धी वाचल्यावर मला कळलं, पण तोवर हशा झाला होता.

ती वर आली. हसली नाही, रडलीही नाही. हशा संपू दिला आणि मग माईकवर, आवाज न चढवता, मला म्हणाली, "सर, यातला विनोद मला कळला नाही. समजावून सांगाल का?" आणि थांबली. माझ्याकडे बघत नुसती थांबली. मला समजावता येईना, कारण समजावायला गेलं की जे उरतं ते नुसतं घाण असतं. हॉलमध्ये कोणी हसेना. मी माईकवरच तिची माफी मागितली आणि चिठ्ठी सगळ्यांसमोर फाडली.

तेव्हापासून पोरांना मी हे वाक्य जसंच्या तसं देतो. राग आवाजात आणायचा नाही, प्रश्न विचारायचा, आणि मग गप्प राहायचं. गप्प राहणं सगळ्यात अवघड आहे, दोन सेकंदांत आपणच काहीतरी बोलून समोरच्याची सुटका करतो. करू नका, त्याला बोलू दे. "अगं मजा आहे, मनावर घेऊ नकोस" असं आलंच तर "हो, पण पुढची वाचा" एवढंच म्हणून खाली या.

आधीच चिडून बोलायला सुरुवात केली असेल तर वाक्य पूर्ण करायचा हट्ट सोडा. मध्येच थांबून "जाऊ दे, चिठ्ठी जमलीये" म्हणून उतरलात तरी लोक टाळ्या वाजवतात, हे मी दोनदा तरी बघितलंय. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला या, नेहमीच्या बाकावर बसा. कोणी चिठ्ठीचं यमक म्हणालाच तर दुसरी ओळ तुम्ही म्हणा.

मला विनोद समजावून सांगायला लावणाऱ्या त्या मुलीला मी पुढच्या वर्षी चिठ्ठ्या निवडायला घेतलं. ती वाचताना फक्त एकच विचारायची, "हे त्याने निवडलंय का?" नसेल तर चिठ्ठी फाडलीच. आणि कार्यक्रम सुरू झाला की ती खोक्याला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवायची, मलाही द्यायची नाही.