जर्मनमधलं ‘वाइल’ आणि शेवटी जाणारं क्रियापद

दादरला माझ्याकडे जर्मन शिकायला येणारी मुलं ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आल्यावरही क्रियापद दुसऱ्या जागी ठेवायची: ‘वाइल इश फारऽ होइटऽ नाख ठाणे’. इंग्रजीची सवय, दुसरं काय! शिवाय जर्मनच्या मुख्य वाक्यात ती जागा बरोबरच असते.

मग मी त्यांना आधी मराठीत बोलायला लावलं: ‘कारण मी आज ठाण्याला जाते.’ क्रियापद आपसूक शेवटी. जर्मनमध्येही तसंच: ‘वाइल इश होइटऽ नाख ठाणे फारऽ’. ‘कारण मला आज काम करावं लागतं’ यात ‘लागतं’ शेवटी, तसं ‘वाइल इश होइटऽ आरबाइटन मुस’ मध्ये ‘मुस’. ‘की’साठीच्या ‘दास’नंतरही हेच.

पण ‘डेन’चा अर्थही ‘कारण’च, आणि त्याच्यानंतर क्रियापद दुसऱ्याच जागी राहतं: ‘डेन इश बिन क्रांक’, म्हणजे ‘कारण मी आजारी आहे’; यात ‘बिन’ म्हणजे ‘आहे’. इथे मराठी कामाची नाही.

‘वाइल’चं उपवाक्य आधी आलं, तर ते अख्खं पहिली जागा अडवतं. म्हणून स्वल्पविरामानंतर लगेच मुख्य क्रियापद येतं: ‘वाइल इश क्रांक बिन, ब्लाइबऽ इश त्सू हाउजऽ’, म्हणजे ‘मी आजारी आहे म्हणून घरी राहते’; यात ‘ब्लाइबऽ’ म्हणजे ‘राहते’. मी वहीत एवढंच तपासते: स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापद आहे ना?